बांधकामस्थळावरील संकटसंकेत : आग व पडझड यांसंबंधीच्या आराखड्यातील नामे, स्थाने आणि भूमिका

बांधकामस्थळासाठी आपत्कालीन आराखडा तयार करावयाचा म्हणजे सामान्यतः तीन गोष्टी ठरवावयाच्या असतात. संकट ओढवल्यावर कोणी काय करावे, सर्वांनी कोठे जमावे आणि वार्ता कोणाकडून कोणाकडे कशी जावी. या तिन्ही गोष्टी कागदावर लिहिणे फारसे कठीण नाही. आणि त्या लिहिलेल्या असूनही ऐन वेळी निरुपयोगी ठरल्याची उदाहरणे आहेत. अशा अपयशाची चिकित्सा करताना पाण्याच्या नळ्यांकडे व अग्निशामक उपकरणांकडे प्रथम लक्ष जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि पुष्कळदा दोष त्याआधीच्या पायरीवर असतो. बोलणाऱ्याने एक स्थळ सांगितलेले असते आणि ऐकणाऱ्याने दुसरेच समजून घेतलेले असते. प्रस्तुत लेखात आराखड्याच्या या भाषिक अंगाचा विचार केला आहे.

या संदर्भात १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिस येथील नोत्र-दाम कॅथेड्रलला लागलेल्या आगीचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. त्या वेळी इमारतीच्या दुरुस्तीचे काम चालू होते व शिखराभोवती परांची उभारलेली होती. म्हणजे ते प्राचीन मंदिर त्या दिवसांत एक बांधकामस्थळही होते. सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्राच्या फलकावर संदेश उमटला. पुढे वृत्तपत्रांनी केलेल्या शोधानुसार त्या संदेशातील सुबोध भाग केवळ तीन नामांचा होता : माळा, मुख्य दालन, सॅक्रिस्टी. सॅक्रिस्टी म्हणजे पूजासाहित्य ठेवण्याची, मुख्य इमारतीला लागून असलेली वेगळी छोटी वास्तू. फलकापुढे बसलेला कर्मचारी त्या कामावर अगदी नवा होता. त्याने बिनतारी संचावरून पहारेकऱ्यास कळविले आणि पहारेकरी सॅक्रिस्टीच्या माळ्यावर गेला. तेथे आग नव्हती. ती मुख्य दालनावरच्या, शेकडो वर्षांच्या लाकडी तुळयांनी भरलेल्या माळ्यात होती. चूक ध्यानात येऊन पहारेकरी सुमारे तीनशे पायऱ्या चढून तेथे पोहोचला तेव्हा ज्वाळा आवरण्यापलीकडे गेल्या होत्या. अग्निशामक दलाला वर्दी मिळेपर्यंत जवळजवळ अर्धा तास निघून गेला होता.

नेमके काय सांगितले गेले व काय ऐकले गेले, याविषयी संबंधितांत पुढे मतभेद झाले. परंतु संदेशाच्या रचनेतच दोन अर्थांना वाव होता, हे मतभेदाविनाही दिसते. तीन नामे कोणत्याही विभक्तिप्रत्ययावाचून शेजारी शेजारी ठेवली की त्यांचा परस्परसंबंध ऐकणाऱ्याला आपल्या बुद्धीने लावावा लागतो. ‘मुख्य दालनाचा माळा’ आणि ‘सॅक्रिस्टीचा माळा’ हे दोन्ही संबंध तेथे सारखेच शक्य होते. दुसरा दोष कार्यपद्धतीचा होता. जुने ओकचे लाकूड सावकाश जळते या समजुतीवर आधी माणसाने जाऊन खात्री करावी आणि मगच दलाला बोलवावे, असा क्रम ठरविलेला होता. संदेश संदिग्ध आणि खात्रीची अट सक्तीची, असे दोन्ही एकत्र आल्यामुळे एका शब्दाच्या चुकीची किंमत अर्ध्या तासाइतकी झाली. यावरून आराखड्यासाठी एक नियम हाती येतो : वर्दी आणि खात्री या क्रिया एकीमागून एक न ठेवता एकाच वेळी सुरू व्हाव्यात. खोटी वर्दी गेली तर एक बंब विनाकारण येईल, इतकेच.

आता आपल्याकडील स्थिती पाहू. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांत आग व स्फोट, उचल-यंत्रे कोसळणे, इमारत कोसळणे इत्यादी प्रसंगांसाठी आराखडा करण्याची सक्ती होती. मात्र ती पाचशेहून अधिक कामगार असलेल्या स्थळांपुरतीच होती. शहरांच्या सीमेवर उभ्या राहणाऱ्या मध्यम इमारतींवर पुष्कळदा दीड-दोनशेच माणसे असतात. कल्पनेकरिता पुण्याच्या परिसरातील एक बारा मजली इमारत घ्यावी. नऊ मजल्यांपर्यंत सांगाडा उभा आहे, उंची सुमारे ३० मीटर आहे, एक टॉवर क्रेन आहे आणि नऊ टोळ्या कामावर आहेत. सेंट्रिंगचे सुतार बंगालचे, लोखंड बांधणारे बिहारचे, गवंडी मराठवाड्यातील, प्लंबर व विजेची कामे करणारे स्थानिक, आणि काही बिगारी तेलंगणातून आलेले आहेत. या सर्वांची व्यवहारभाषा म्हणजे ज्याला स्थळावर हिंदी म्हटले जाते ती मिश्र बोली. इंजिनियर मराठी, आणि तोही घाईत असला म्हणजे मराठीच बोलतो.

या मिश्र बोलीतील सर्वांत घातक शब्द कदाचित ‘खाली’ हा असावा. मराठीत तो दिशा दाखवितो. हिंदीत त्याचा अर्थ ‘रिकामा’ असा होतो. संकटाच्या वेळी चौकशी नेमकी या दोनच गोष्टींची असते : माणसे कोठे आहेत आणि जागा रिकामी झाली की नाही. मराठी मुकादम बिनतारी संचावर ‘चौथ्याच्या खाली माणसं आहेत’ असे सांगू लागला आणि गोंगाटात त्यातील ‘चौथ्या... खाली’ एवढेच पलीकडे पोहोचले, तर बिहारी सहकाऱ्याच्या कानी ‘चौथा मजला रिकामा झाला’ असा निरोप पडतो. ढिगाऱ्याखाली माणसे असल्याची वार्ता अशा रीतीने कोणी नसल्याची वार्ता बनते. ‘धोका’ या शब्दाची गतही तीच. मराठी वाचकाला फलकावरील हा शब्द संकटाची जाणीव देतो. हिंदी भाषकाला तो फसवणुकीचा बोध करून देतो, कारण संकटासाठी त्याच्याकडे ‘खतरा’ हा शब्द आहे. म्हणून आराखड्यात ‘खाली’ हा शब्द संदेशासाठी वर्ज्य ठरवावा, दिशेसाठी ‘नीचे’ व रिकामेपणासाठी ‘कोई नहीं’ असे पूर्ण शब्द वापरावेत, आणि फलकावर ‘खतरा’ लिहावे. भाषाशुद्धीच्या दृष्टीने कोणाला हे रुचणार नाही. पण येथे भाषेचे काम वेगळे आहे.

स्थळनामांची अडचण याहून सूक्ष्म आहे. इंजिनियर मजले मोजतो आणि कामगार स्लॅब मोजतात. पहिला स्लॅब म्हणजे तळमजल्याचे छत, अर्थात पहिल्या मजल्याची जमीन. तिसऱ्या स्लॅबवर उभा असलेला माणूस तिसऱ्या मजल्यावर असतो. परंतु तिसऱ्या स्लॅबचे टेकू काढणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर असतो. ‘तिसऱ्या स्लॅबला’ अशी मोघम चतुर्थी वापरली की दोघेही तिच्यात बसतात. पॅरिसच्या फलकावरील तीन नामांहून ही स्थिती फारशी निराळी नाही. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक मजल्यावर जिन्यासमोरच्या खांबावर दूरून दिसेल असा ठळक आकडा रंगवावा, तो आकडा माणूस ज्या जमिनीवर उभा राहील तिचाच असावा, आणि संदेशात केवळ तोच आकडा उच्चारावा. वर्दी देणाऱ्याने आठवून सांगावयाचे नाही. समोर जे दिसते ते वाचावयाचे. सांगाडा वर चढत जातो तसा हा आकडा रंगविण्याचे कामही वर चढत गेले पाहिजे. स्लॅब भरल्यानंतर लगेच त्या मजल्यावर आकडा नसेल तर आराखडा तेवढ्यापुरता जुना झाला असे समजावे.

जमण्याच्या जागांचा प्रश्न अंतराचा आहे, तसाच तो नावांचाही आहे. कोसळण्याची शक्यता असलेल्या इमारतीपासून तिच्या उंचीच्या सुमारे दीडपट दूर राहावे, असा संकेत अग्निशामकांच्या व्यवहारात प्रचलित आहे. ३० मीटर उंचीला हे अंतर ४५ मीटर होते. इमारत पूर्ण उंचीला गेली की ते त्याहूनही वाढते. शहरातील भूखंडात एवढी मोकळी जागा बहुधा नसतेच. मग सोयीस्कर म्हणून फाटकाजवळची जागा निवडली जाते, आणि बंब आत येण्याच्या वेळी दीडशे माणसे त्याच्या वाटेत उभी असतात. त्याऐवजी शेजारचे मैदान किंवा रस्त्यापलीकडील मोकळी जागा मालकाच्या संमतीने आधीच ठरवावी, मग ती भूखंडाबाहेर असली तरी चालेल. ती क्रेनच्या फिरत्या हाताखाली, खोदलेल्या खड्ड्याच्या काठावर, उंच आधारभिंतीच्या पायथ्याशी किंवा गॅसच्या नळकांड्यांजवळ असू नये. धूर वाऱ्याबरोबर कोठे जाईल हे सांगता येत नसल्याने विरुद्ध दिशांना दोन जागा हव्यात. या दोन जागांना रंगांची नावे देण्याची चाल चांगली आहे. परंतु ‘नीला’ आणि ‘पीला’ ही जोडी घेऊ नये. हिंदीत त्या दोन शब्दांत केवळ आद्य व्यंजनाचा भेद आहे, आणि गोंगाटात पहिले व्यंजनच आधी हरवते. ‘लाल’ आणि ‘सफेद’ यांत तसा घोटाळा संभवत नाही.

शब्दांवर एवढे ओझे पडत असेल तर प्राथमिक सूचना शब्दांतून द्यावीच कशाला, असा प्रश्न उद्भवेल. आणि तो रास्त आहे. ढिगाऱ्यातून माणसे काढणाऱ्या पथकांनी जागतिक पातळीवर तीन ध्वनिसंकेत स्वीकारले आहेत. सुमारे एकेका सेकंदाचे तीन ऱ्हस्व आवाज पुन्हा पुन्हा झाले म्हणजे सर्वांनी बाहेर पडावे. सुमारे तीन सेकंदांचा एक दीर्घ आवाज झाला म्हणजे सर्व काम थांबवून शांत राहावे. एक दीर्घ व त्यामागून एक ऱ्हस्व म्हणजे काम पुन्हा सुरू करावे. ऱ्हस्व आणि दीर्घ या एकाच भेदावर ही सबंध व्यवस्था उभी आहे, आणि मराठी छंदःशास्त्राशी परिचित असलेल्या वाचकाला तिच्यातील काटकसर विशेष भावेल. स्थळाने आपले वेगळे संकेत न योजता हेच घ्यावेत. संकटानंतर येणारी पथके तेच संकेत वापरणार असतात, आणि मधला शांततेचा संकेत तर पडझडीनंतर सर्वांत मोलाचा असतो. यंत्रे थांबवून काही क्षण कान दिल्यावाचून आतून येणारी ठोठावण्याची खूण ऐकू येत नाही.

आगीसाठी एक भोंगा व पडझडीसाठी दुसरा, असा भेद पुष्कळ आराखड्यांत केलेला आढळतो. तो टाळलेला बरा. सामान्य कामगाराने दोन्ही प्रसंगी करावयाची कृती एकच आहे : हातातले काम टाकून जवळच्या सुरक्षित जिन्याने उतरावे आणि लाल वा सफेद जागी जावे, मालाच्या हॉइस्टमध्ये चढू नये. संकट कोणते, हे जाणून घेण्याची गरज केवळ ज्यांच्याकडे भूमिका आहे त्यांनाच असते, आणि त्यांना ते बिनतारी संचावर शब्दांनी कळविता येते.

या भूमिका माणसाच्या नावाने नव्हे तर जागेच्या नावाने वाटाव्यात, कारण माणूस रजेवर जातो आणि फाटक रजेवर जात नाही. आपल्या कल्पित इमारतीत सकाळी अकराच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावर वेल्डिंग चालू आहे आणि ठिणग्या उघड्या शाफ्टमधून पहिल्या मजल्यावरील थर्माकोलच्या व प्लायच्या थप्पीवर पडत आहेत असे समजू. ज्याला धूर प्रथम दिसतो त्याने कोणाची परवानगी न घेता भोंगा दाबावयाचा. मजल्याचा मुकादम आपल्या मजल्यावरून शेवटी निघतो आणि निघताना मोठ्याने हाक देत कोपरे पाहतो. विजेचे काम पाहणारा जळत्या भागाचा व हॉइस्टचा प्रवाह तोडतो. पाण्याच्या पंपाची जोडणी मात्र वेगळी असली पाहिजे, नाही तर मुख्य कळ दाबताच आग विझविण्याचे पाणीही बंद पडते. ही चूक प्रत्यक्ष कळ दाबून पाहिल्याशिवाय उघडकीस येत नाही. क्रेनचालकाला बिनतारी संचावर सर्वांच्या आधी कळवावे, कारण धूर वर चढतो आणि त्याला खाली उतरावयास सर्वांत जास्त वेळ लागतो. त्याने भार जमिनीवर टेकवून, क्रेनचा हात वाऱ्याबरोबर मोकळा फिरू शकेल असा सोडून मग शिडी धरावी. फाटकावरचा माणूस वाटेतील मिक्सरगाडी हलवून फाटक उघडतो व इमारतीचा नकाशा हाती घेऊन रस्त्यावर उभा राहतो.

दूरध्वनी करणाऱ्याचे काम सर्वांत सोपे मानले जाते आणि तेथेच पुन्हा नामाचा प्रश्न येतो. ११२ या क्रमांकावर त्याने ठिकाण सांगावयाचे असते. स्थळावरची माणसे ते ठिकाण नियोजित गृहसंकुलाच्या नावाने ओळखतात. पण जी इमारत अजून झालीच नाही तिचे नाव नियंत्रणकक्षातील माणसाला ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून रस्ता, जवळची जुनी खूण, कोणत्या बाजूचे फाटक आणि काय घडले, एवढे एक पूर्ण वाक्य लिहून दूरध्वनीच्या शेजारी चिकटवून ठेवावे. भ्यालेल्या माणसाला वाक्य रचता येत नाही. लिहिलेले वाचता येते.

पडझडीचा प्रसंग आगीहून वेगळा आहे. आग काही मिनिटे देते. स्लॅब काही सेकंदांत येतो. त्यामुळे तेथे खरी सूचना घटनेच्या आधीचीच असते. काँक्रीट ओतले जात असताना टेकू वाकणे, पाचरी निसटणे, फळ्यांच्या सांध्यांतून पाणेरी सिमेंट वाहू लागणे, लाकूड करकरणे, या खुणा खालून दिसतात व ऐकू येतात. वर ओतणाऱ्यांना त्या कळत नाहीत. म्हणून स्लॅब भरताना एका अनुभवी सुताराने बाजूला, सुरक्षित जागी उभे राहून केवळ टेकूंकडे पाहावे, आणि काम थांबविण्याचा अधिकार त्याला असावा. येथेही शब्दाची निवड विचाराने करावी लागते. ‘बस’, ‘थांब’, ‘रोको’ हे शब्द काँक्रीट ओतताना दर मिनिटाला उच्चारले जातात. ‘गिरा’ हा शब्द तर पडलेल्या फावड्यासाठीही वापरतात. रोजच्या वापराने ज्यांची धार गेली आहे असे शब्द संकटाच्या वेळी कोणी ऐकत नाही. त्या सुताराच्या गळ्यात शिट्टी असावी आणि तिचे तीन ऱ्हस्व आवाज स्थळावर अन्य कोणत्याही कारणाने होऊ नयेत. क्रेनचालक व ट्रकवाले भोंगे मनसोक्त वाजवीत असतील तर आधी तेच थांबवावे लागेल.

यानंतर उरते ती मोजणी, आणि आराखड्याचा कस बहुतेक तेथेच लागतो. समजा, फाटकावर त्या दिवशी १८३ जणांची नोंद आहे. लाल जागी १२१ आणि सफेद जागी ५५ माणसे मोजली गेली. एकूण १७६ झाली. सात कमी पडली. आता सातांसाठी जवानांना धुरात पाठवावयाचे काय? विचारपूस करता चार गवंडी नोंद न करता चहासाठी बाहेर गेलेले निघाले. दोघांची नावे दोन हजेरीपटांत, एकदा मूळ ठेकेदाराच्या व एकदा प्लंबरच्या टोळीत, अशी दुबार लागली होती. सातवा एकटा तळघरातील पाण्याच्या टाकीत आतून गिलावा करीत होता. त्याला भोंगा ऐकूच आला नव्हता. सातांपैकी सहा कागदावरचे आणि एक खरा, असा हा हिशेब आहे. पण कोणता एक खरा हे ठरविण्यात मिनिटे जातात.

दुबार नावांचे मूळ पुन्हा नामकरणात आहे. हजेरीपटावर कागदपत्रांतील नाव असते आणि टोळीत माणूस वेगळ्याच हाकेने ओळखला जातो. एका टोळीत तीन राजू असणे विरळा नाही. मोजणी नावांनी करू नये. खाणींत पूर्वापार वापरली जाणारी बिल्ल्याची पद्धत येथे उपयोगी पडते. प्रत्येकाला एक क्रमांकाचा बिल्ला द्यावा, आत जाताना त्याने त्याची जोडी फाटकावरील फळीवर अडकवावी व बाहेर पडताना, चहासाठी का होईना, काढून न्यावी. टाकी, लिफ्टचा खड्डा अशा बंदिस्त जागी उतरणाऱ्याचा बिल्ला वेगळ्या खुंटीवर असावा आणि त्याच्यासाठी तोंडाशी एक माणूस उभा ठेवावा. दोन्ही जागांवरील मोजणीदारांनी आकडे एकमेकांना न सांगता फळीजवळच्या एकाच माणसाला सांगावेत. बेरीज दोन ठिकाणी होऊ लागली की एकच माणूस दोनदा वाचतो.

आराखडा कामाच्या वेळेपुरताच केला जातो, ही त्याची आणखी एक मर्यादा. २९ जून २०१९ च्या पहाटेपूर्वी, पावसाच्या सरीत, पुण्यातील कोंढवा येथे एका गृहसंकुलाची भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती. अशा वेळी स्थळावर इंजिनियर नसतो, मुकादम झोपलेला असतो आणि झोपड्यांतील बायकामुलांची नावे कोणत्याही हजेरीपटावर नसतात. म्हणून वस्तीसाठी वेगळी फळी हवी : प्रत्येक खोलीचा क्रमांक व त्या रात्री तेथे झोपणाऱ्यांची, मुले धरून, संख्या. ती दररोज संध्याकाळी रात्रीच्या पहारेकऱ्याने खोल्याखोल्यांतून फिरून खडूने लिहावी, आणि फळी वस्तीत न टांगता फाटकाजवळ टांगावी.